हाडाच्या तीन पेशी आणि चुकलेलं सहा महिन्यांचं इंजेक्शन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मुंबईतल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात ऊतिशास्त्र शिकवते, म्हणजे विद्यार्थ्यांना सूक्ष्मदर्शकाखाली स्लाइड दाखवते. मी हाडांची डॉक्टर नाही, औषधं लिहून देत नाही. पण गेल्या वर्षी माझ्या सख्ख्या मावशीच्या मणक्यांचं जे झालं, त्यानंतर वाडीतल्या, संघातल्या, लोकलच्या डब्यातल्या बायका मला सतत एकच विचारतात : "ते इंजेक्शन घ्यावं की नाही, आणि घेतलं तर थांबवता येतं की नाही?" ते इंजेक्शन म्हणजे ठिसूळ हाडांसाठी दर सहा महिन्यांनी घ्यायचं डेनोसुमॅब. याचं उत्तर हाडातल्या तीन पेशींच्या कामात आहे. म्हणून सुरुवात तिथून केली आहे. घाई असेल तर "मावशीचं नेमकं काय झालं" या प्रश्नावर थेट गेलात तरी चालेल.

हाड तर दगडासारखं. ते बदलतं असं कसं म्हणता?

मोठ्या माणसाच्या सांगाड्यातलं साधारण दहा टक्के हाड दर वर्षी काढलं जातं आणि नव्याने घातलं जातं. सगळीकडे सारख्या वेगाने नाही. मांडीच्या हाडाची जाड, घट्ट भिंत वर्षाला तीन-चार टक्केच बदलते. मणक्याच्या आतलं जाळीदार हाड मात्र वर्षाला पाव भाग बदलू शकतं, कारण जाळीला पृष्ठभाग जास्त असतो आणि हे सगळं काम पृष्ठभागावरच चालतं. मणक्याची ही घाई लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

हे कळलं कसं, हा प्रश्न माझे विद्यार्थी विचारत नाहीत, पण एका आजोबांनी विचारला होता. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये मंजिष्ठाच्या जातीचं मूळ खाल्लेल्या डुकरांची हाडं लाल झालेली दिसली. पुढे लक्षात आलं की रंग चढतो तो त्या काळात नव्याने घातल्या गेलेल्या हाडावरच. आज हेच टेट्रासायक्लिन या अँटिबायोटिकने करतात. काही दिवसांच्या अंतराने ते दोनदा देतात आणि मग कमरेच्या हाडाचा छोटा तुकडा काढून पाहतात. विशिष्ट प्रकाशात दोन पिवळ्या रेघा चमकतात आणि त्यांच्यातलं अंतर म्हणजे मधल्या दिवसांत झालेलं बांधकाम. ते दिवसाला जेमतेम एक मायक्रॉन भरतं, म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग.

या तीन पेशी कोण?

स्लाइडवर त्या कशा दिसतात तेच सांगते. हाडाचा गुलाबी पट्टा असतो. त्याच्या काठावर एके ठिकाणी कुणी चावा घेतल्यासारखी खोलगट जागा दिसते आणि त्या खोलगटात एक अवाढव्य पेशी बसलेली असते. तिच्यात एक नाही, पाच-दहा किंवा त्याहूनही जास्त केंद्रकं असतात. ही ऑस्टिओक्लास्ट, खणणारी. तिचं मूळ रक्तात आहे. ज्या कुळातून आपल्या जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी येतात त्याच कुळातल्या अनेक पेशी एकमेकींत मिसळून ही एक होते.

त्याच काठावर थोडं पुढे चौकोनी पेशींची रांग दिसते, पंगतीला बसल्यासारखी. या ऑस्टिओब्लास्ट, बांधणाऱ्या. त्यांचं कूळ वेगळं. चरबी आणि कूर्चा ज्या मूळ पेशींपासून बनतात, त्याच मूळ पेशींपासून या येतात.

तिसरी पाहायला काठ सोडून हाडाच्या आत जावं लागतं. तिथे छोटे कोनाडे असतात आणि प्रत्येक कोनाड्यात एकेक पेशी. ही ऑस्टिओसाइट. खरं तर ती पूर्वीची ऑस्टिओब्लास्टच असते. बांधता बांधता आपल्याच भिंतीत चिणली गेलेली. हाडातल्या पेशींपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त याच असतात, आणि खणणाऱ्या पेशी जिथे काही आठवडे जगतात तिथे ही काही दशकं जगू शकते.

खणणारी पेशी हाडासारखी कडक वस्तू खणते कशी?

दातांशिवाय. ती हाडावर पालथ्या वाटीसारखी चिकटते आणि कडा अशी घट्ट बसवते की आतलं बाहेर झिरपू नये. मग त्या बंद जागेत आम्ल सोडते. आतली आम्लता ४.५ पीएचच्या आसपास जाते, साधारण टोमॅटोच्या रसाइतकी. आम्लाने हाडातलं कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळतं. मागे उरतो प्रथिनाचा, मुख्यतः कोलॅजनचा सांगाडा, आणि तो कापायला कॅथेप्सिन-के नावाचं विकर असतं. लिंबाच्या लोणच्याच्या बरणीत कोंबडीचं हाड पडलं तर ते वाकायला लागतं, ती या कामाची पहिली पायरी. दुसरी पायरी बरणीत होत नाही, त्याला विकरच लागतं.

कापलेल्या कोलॅजनचे तुकडे रक्तात उतरतात. रक्ततपासणीत 'सीटीएक्स' लिहिलेलं असतं ते हेच. थोडक्यात, बाहेर पडणारा राडारोडा मोजून आत किती खणलं जातंय याचा अंदाज घ्यायचा.

जाळीदार हाडात असा एक खड्डा साधारण ४० ते ६० मायक्रॉन खोल जातो, आणि तो खणायला तीनेक आठवडे लागतात.

कुठे खणायचं हे कोण ठरवतं?

कोनाड्यात बसलेली ऑस्टिओसाइट. तिचे डझनावारी बारीक धागे हाडातल्या केसाहून कितीतरी बारीक नळ्यांमधून शेजारणींपर्यंत पोचलेले असतात आणि नळ्यांत पाणी भरलेलं असतं. तुम्ही जिना चढता तेव्हा हाड डोळ्यांना न दिसेल इतकं वाकतं आणि ते पाणी सरकतं. धाग्यांना त्याचा ओढा जाणवतो. ओढा मिळत राहिला की ती शांत असते. हाडात सूक्ष्म तडा जाऊन धागे तुटले, किंवा महिनोन् महिने भारच पडला नाही, की ती आणि तिच्या आसपासच्या पेशी खणणाऱ्यांना बोलावतात.

बोलावण्याच्या रेणूचं नाव रँकल. तो रक्तकुळातल्या कोवळ्या पेशींच्या अंगावरच्या रँक नावाच्या कुलपात बसला की त्या मिसळून ऑस्टिओक्लास्ट होतात. रँकल नसेल तर त्या होतच नाहीत. यावर शरीराने स्वतःच एक लगाम ठेवला आहे. ऑस्टिओप्रोटेजेरिन नावाचा रेणू बांधणाऱ्या पेशीच सोडतात आणि तो रँकलला कुलपापर्यंत पोचण्याआधीच पकडतो. किती खणायचं हे या दोघांच्या प्रमाणावर ठरतं. पाळी चालू असताना इस्ट्रोजेन हे प्रमाण लगामाच्या बाजूला झुकवून ठेवतं. पाळी गेली की तोल दुसरीकडे जातो. "पाळी गेली आणि हाडं ठिसूळ झाली" हे जे आपण सहज म्हणून जातो, त्याच्या आत हे घडतं.

ऑस्टिओसाइटच्या हातात आणखी एक गोष्ट आहे, स्क्लेरोस्टिन. ते बांधणाऱ्यांना थोपवतं. भार पडला की ती स्क्लेरोस्टिन कमी सोडते आणि बांधकाम सुरू होतं. हा रेणू सापडला तो काही मोजक्या कुटुंबांमुळे. त्यांच्यात तो जन्मापासूनच तयार होत नाही आणि हाड गरजेपेक्षा फार जाड होत जातं.

खणायला तीन आठवडे, मग भरायला किती?

तीन ते चार महिने. इथेच सगळी गोम आहे, म्हणून जरा सावकाश सांगते.

खणणारी पेशी निघून गेली की आठवडा-दोन आठवडे खड्ड्याची साफसफाई होते. मग बांधणाऱ्या पेशी रांगेने येतात. त्या येतात याचं एक कारण असं की खणताना हाडात पुरून ठेवलेले वाढीचे रेणू मोकळे होतात आणि तेच त्यांना आमंत्रण ठरतं. म्हणजे खणणं झालं नाही तर बांधणाऱ्यांनाही फारसं बोलावणं जात नाही. ही जोडी सुटत नाही, आणि औषधांची बरीचशी डोकेदुखी यातूनच येते.

आल्यावर त्या आधी मऊ कोलॅजनचा थर घालतात. तो दहा-पंधरा दिवस तसाच राहतो आणि मग त्यात खनिज बसू लागतं. पहिल्या काही आठवड्यांत साठ-सत्तर टक्के खनिज बसतं. उरलेलं मुरायला महिने, कधी कधी वर्षं लागतात. ड जीवनसत्त्व फार कमी असेल तर थर घातला जातो पण मुरत नाही, मऊच राहतो. मुंबईत एवढं ऊन असून ते कमी निघतं याचं लोकांना नवल वाटतं. मला नाही वाटत. सकाळी सातला लोकलमध्ये आणि संध्याकाळी सातला पुन्हा लोकलमध्ये असलेल्या बाईने ऊन बघायचं कधी?

मॅडम, जेवढं खणलं तेवढंच भरलं, तर हाड कमी व्हायचं काय कारण?

हा प्रश्न संघातल्या एका निवृत्त बँक कॅशियरनी विचारला, आणि त्यांना पटेल असा हिशेब मी तिथेच कागदावर मांडला. आकडे सोयीसाठी घेतलेले आहेत, कालावधी मात्र खरे.

एक खड्डा पडल्यापासून बुजेपर्यंत समजा पाच महिने, म्हणजे १५० दिवस लागतात. एका मणक्यात रोज १० नवे खड्डे सुरू होतात असं धरा. मग कुठल्याही दिवशी मोजलंत तर १५०० खड्डे उघडे सापडतील. काही नुकते खणलेले, काही अर्धे बुजलेले. आता इस्ट्रोजेन गेलं आणि रोजचे १० चे २० झाले. प्रत्येक खड्डा पुढे काठोकाठ भरला जाणार असला तरी एका वेळी उघडे असतील ३०००. तेवढं हाड त्या दिवशी त्या मणक्यात नाही. महानगरपालिकेने एका वॉर्डात एकाच वेळी दुप्पट चर खणले तर प्रत्येक चर पुढे व्यवस्थित बुजवला जाणार असला तरी आज गाडी चालवणाऱ्याचं काय होतं, ते आपण जाणतोच.

वर वयाबरोबर प्रत्येक खड्डा थोडा अपुराच भरला जातो. आणि तिसरी गोष्ट, जी मला सगळ्यात वाईट वाटते : जाळीतली एकेक काडी १०० ते २०० मायक्रॉन जाड असते आणि खड्डा ५० मायक्रॉनचा. बारीक झालेल्या काडीवर दोन्ही बाजूंनी समोरासमोर खड्डे पडले तर काडी तुटते. तुटल्यावर बांधणाऱ्यांना बसायला पृष्ठभागच उरत नाही. त्या हवेत पूल बांधू शकत नाहीत. ती काडी कायमची गेली.

सहा महिन्यांचं इंजेक्शन यात कुठे बसतं?

त्याचं नाव डेनोसुमॅब. ६० मिलिग्रॅम, दर सहा महिन्यांनी, कातडीखाली. २०१० पासून ते वापरात आहे. शरीराचा लगाम जे करतो तेच ते करतं, फक्त फार जोरात. रँकलला पकडून ठेवतं आणि नव्या ऑस्टिओक्लास्ट होऊच देत नाही. काही दिवसांतच सीटीएक्स तळाला जातं.

कॅशियर काकांच्या कागदावर याचा अर्थ असा : रोजचे २० खड्डे जवळपास शून्यावर आले, पण आधीचे ३००० बुजत राहिले. म्हणून पहिल्या वर्षात डेक्साचा, म्हणजे हाडाची घनता मोजणाऱ्या तपासणीचा, आकडा छान वर जातो. त्यातला बराच भाग म्हणजे जुने चर बुजल्याचा परिणाम. नंतर हाड मुरत जातं आणि आकडा आणखी हळूहळू चढतो. औषध उत्तम आहे, मणक्याचे फ्रॅक्चर ते खरोखर कमी करतं. माझा राग औषधावर नाही.

पण ते हाडात साठत नाही. ते रक्तातलं प्रतिपिंड आहे, महिन्यागणिक विरत जातं, आणि सहा महिन्यांनंतर त्याची पकड सुटते.

मावशीचं नेमकं काय झालं?

मावशी ६९ वर्षांची, लालबागला राहते. जुलैमध्ये जिन्याखालच्या ओल्या लादीवर पाय घसरला, हात टेकला आणि मनगट मोडलं. डेक्सा केली, मणक्याचा टी-स्कोअर, म्हणजे तरुण हाडाच्या तुलनेत घनता किती कमी याचा आकडा, -३.१ आला. -२.५ किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. ड जीवनसत्त्व तपासून, भरून काढून, ऑगस्टमध्ये पहिलं इंजेक्शन दिलं. मग फेब्रुवारी, ऑगस्ट, फेब्रुवारी. चौथ्यानंतर स्कोअर -२.७ झाला आणि घरात आनंद झाला.

पाचवं ऑगस्टमध्ये होतं. मावशी गणपतीसाठी देवगडला गेली. इंजेक्शन दोन ते आठ अंशांत ठेवावं लागतं आणि गावी वीज जाते, म्हणून सोबत नेलं नाही. दसरा झाला, दिवाळी झाली, नोव्हेंबरात ती परत आली. तेव्हा सगळ्यांनी मिळून ठरवलं, "आता एक राहिलंच आहे, तर पुढच्या फेब्रुवारीचंच घेऊ." मीही त्या 'सगळ्यांत' होते. मला पेशी माहीत होत्या, पण मी डोकं लावलं नाही. दवाखान्याच्या कागदावर 'सहा महिन्यांनी पुन्हा' एवढंच होतं, उशीर झाला तर काय हे कुणी लिहिलं नव्हतं, सांगितलंही नव्हतं. फेब्रुवारीत दाढ दुखायला लागली म्हणून पुन्हा पुढे गेलं.

मार्चमध्ये, शेवटच्या इंजेक्शननंतर तेराव्या महिन्यात, तिने ओट्यावरून पाण्याची कळशी उचलली. पडली नाही, आपटली नाही. "पाठीत काहीतरी कट् झालं," एवढंच म्हणाली. आठवडाभर बाम चोळला. मग ती कपाटाच्या ज्या फळीवरून डबा काढायची तिथे तिचा हात पुरेना. बाजूने काढलेल्या एक्स-रेमध्ये तीन मणके पाचरीसारखे दबलेले दिसले : छातीचे अकरावा आणि बारावा, कमरेचा दुसरा. उंची तीन सेंटिमीटरने कमी. सीटीएक्स १.४, जिथे त्या लॅबची वरची मर्यादा १ च्या आसपास होती आणि इंजेक्शन चालू असताना तिचा आकडा ०.१ च्याही खाली होता.

एक इंजेक्शन चुकलं तर आजार फार तर पूर्वीच्या जागी येईल ना? त्याहून वाईट का?

कारण खणणं पूर्वीच्या वेगावर परतत नाही, काही काळ ते त्याच्या पुष्कळ वर जातं. औषध चालू असताना रक्तकुळातल्या कोवळ्या पेशी मरत नाहीत, फक्त रँकलची वाट पाहत साचत जातात. २०२१ मध्ये उंदरांवर झालेल्या कामात आणखी एक गोष्ट दिसली. मोठी ऑस्टिओक्लास्ट संपताना दर वेळी मरते असं नाही. ती फुटून लहान लहान पेशी होतात, त्या हिंडतात आणि पुन्हा जुळू शकतात. अशा पेशी रँकल अडवलेल्या काळात साठतात. पकड सुटली की हा सगळा जमाव एकदम कामाला लागतो. माणसात यातला किती भाग कशाचा, याचा काटेकोर वाटा अजून कुणी मांडलेला नाही. पण परिणाम रक्तात स्पष्ट दिसतो : शेवटच्या डोसनंतर नवव्या महिन्याच्या सुमारास सीटीएक्स उपचाराआधीच्या पातळीच्याही वर गेलेलं असतं, आणि ते कित्येक महिने वर राहतं.

कागदावर परत या. रोज २० खड्डे असत, आता समजा ४० पडताहेत. खणणं तीन आठवड्यांत उरकतं, बुजायला चार महिने लागतात, आणि दोन वर्षं बोलावणंच नसल्यामुळे बांधणाऱ्या पेशीही जागेवर तयार नाहीत. मधल्या महिन्यांत मणका चाळणीसारखा होतो. आणि मणकाच का, मांडी का नाही? कारण जाळीदार हाड, जास्त पृष्ठभाग. एकाच वेळी दोन-तीन मणके दबणं ही या प्रकाराची खूण समजली जाते. बहुतेक वेळा ते शेवटच्या डोसनंतर आठव्या ते सोळाव्या महिन्याच्या मध्ये होतं. आधी मणका दबलेला असेल, किंवा इंजेक्शन बरीच वर्षं घेतलेलं असेल, तर धोका जास्त.

मी आठवड्याची गोळी घेते. दोन आठवडे विसरले. मलाही असंच होणार का?

नाही. ॲलेंड्रोनेट किंवा वर्षातून एकदा सलाइनमधून देतात ते झोलेड्रोनिक ॲसिड, ही औषधं वेगळ्या जातीची आहेत. ती खनिजाला चिकटून हाडातच राहतात. खणणारी पेशी ते हाड खाते तेव्हा औषधही खाते आणि निकामी होते. गोळी थांबवली तरी हाडातला साठा महिने, वर्षं काम करत राहतो. म्हणून काही वर्षांनी डॉक्टर स्वतःच त्यांना सुट्टी देऊ शकतात. डेनोसुमॅबला तशी सुट्टी नसते. नावं दोन्ही 'हाडांचं औषध' म्हणून एकाच कागदावर येतात आणि घोळ तिथेच होतो.

गोळी घेताना मात्र उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर आणि नंतर अर्धा तास आडवं न होता. चहाबरोबर घेतलेली गोळी जवळपास वायाच जाते.

मग इंजेक्शन कधीच थांबवायचं नाही का?

थांबवता येतं, पण बदली ठेवून. नेहमीची रीत अशी की शेवटच्या डोसला सहा महिने झाले, म्हणजे पुढच्याची तारीख आली, की त्याऐवजी झोलेड्रोनिक ॲसिड देतात, म्हणजे जमाव सुटायच्या वेळी हाडात औषध मुरलेलं असतं. मग तीन आणि सहा महिन्यांनी सीटीएक्स पाहतात, वर जात असेल तर पुन्हा देतात. अडीच वर्षांहून जास्त काळ इंजेक्शन घेतलेलं असेल तर एका सलाइनने भागेलच असं नाही. मूत्रपिंड फार कमजोर असेल तर हा रस्ता बंद, तेव्हा दुसरं काही शोधावं लागतं. म्हणून मी म्हणते, पहिलं इंजेक्शन घेण्याआधीच विचारा : "थांबवताना काय देणार?"

उशीर होणारच असेल तर शेवटच्या डोसपासून सात महिन्यांच्या पुढे जाऊ देऊ नका. आणि गेलाच असेल तर 'पुढच्या फेब्रुवारीचं' हा आमचा शहाणपणा करू नका, त्याच दिवशी फोन करा.

मावशीच्या बाबतीत डॉक्टरांनी कॅल्शियम आणि ड तपासून इंजेक्शनच पुन्हा सुरू केलं. दबलेल्या मणक्यात सिमेंट भरायचं का, असं माझ्या भावाने विचारलं. डॉक्टर नको म्हणाले. बाकीचे मणके त्या काळात तितकेच कमकुवत असतात, एक टणक केला तर शेजारचा दबायची भीती.

सीटीएक्स आणि डेक्सा वाचताना फसायला होतं का?

हो, दोन्हींत. सीटीएक्स सकाळी उपाशीपोटी द्यायचं, खाल्ल्यावर ते खाली येतं. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर लॅबला सांगा, काही यंत्रांवर आकडा बिघडतो. आणि नुकतंच फ्रॅक्चर झालं असेल तर ते जुळण्याच्या कामामुळेही सीटीएक्स काही महिने वर असतं. मावशीच्या १.४ मध्ये थोडा वाटा त्याचाही असणार.

डेक्साची फसवणूक जास्त गमतीशीर. मणका दबला की तेवढंच खनिज कमी जागेत येतं, म्हणून आकडा सुधारलेला दिसतो. मावशीच्या पुढच्या डेक्साचा एकूण स्कोअर -२.४ आला आणि माझी मामेबहीण म्हणाली, "बघ, बरं झालं की!" प्रत्येक मणक्याची ओळ वेगळी पाहिली तेव्हा कमरेचा दुसरा शेजाऱ्यांपेक्षा एकदम भारी आणि बुटका. तो वगळला आणि स्कोअर -३ झाला. रिपोर्टवर मणक्यांचं चित्र असतं, ते बघा. एखादा मणका एक अंकाहून जास्त वेगळा दिसत असेल तर तपासणाऱ्याला विचारा.

यापेक्षा रोज शिवाजी पार्कला फेऱ्या मारल्या आणि दूध प्यायलं तर?

दोन्ही करा. चालण्याने ऑस्टिओसाइटला ओढा मिळतो, जिने चढण्याने अधिक. अंतराळात भार नसतो तेव्हा खुब्याचं हाड महिन्याला एक ते दीड टक्का जातं, इतका या ओढ्याचा प्रभाव आहे. पण इंजेक्शन सुटल्यावर जो जमाव येतो त्याला फेऱ्यांनी थोपवता येत नाही, आणि दुधाने तर नाहीच. दूध म्हणजे विटा. इथे विटा कमी पडलेल्या नसतात.

दाढ काढायची आहे. इंजेक्शन पुढे ढकलू का?

मावशीने तेच केलं. भीती असते ती जबड्याचं हाड उघडं पडून न भरण्याची. खणणंच बंद असल्यामुळे मेलेलं हाड साफ होत नाही, म्हणून तसं होऊ शकतं. ऑस्टिओपोरोसिसच्या डोसला ते क्वचित होतं, कॅन्सरमध्ये देतात त्या मोठ्या, महिन्याच्या डोसला जास्त. दाढ आधी दाखवा, दातांच्या डॉक्टरांना इंजेक्शनची शेवटची तारीख सांगा. पाचव्या-सहाव्या महिन्यात दाढ काढून जखम भरली की पुढचं वेळेवर घेता येतं, बरेच डॉक्टर तसंच जुळवतात. मावशीची दाढ यंदा जुलैत काढली, इंजेक्शन ठरल्या तारखेला झालं, आणि गणपतीचं तिकीट त्यानंतरचं काढलं.